विश्लेषण : जाळीला लागून आलेला झेल आऊट की नॉट आऊट? सोसायटीच्या बॉक्स क्रिकेटचे नियम खेळण्याआधी कसे लिहावेत?

दिवाळी संपली की मे महिन्याच्या अखेरीपर्यंत मुंबई, ठाणे, पुणे, नाशिकमधल्या सोसायट्यांमध्ये आणि चाळींच्या मंडळांमध्ये बॉक्स क्रिकेटच्या स्पर्धा भरत असतात. बॅनर छापले जातात, टी-शर्टचा रंग ठरतो, करंडकही येतो. नियम मात्र बहुतेक ठिकाणी नाणेफेकीच्या वेळी तोंडी सांगितले जातात आणि ‘बाकी सगळे नेहमीप्रमाणे’ असे म्हणून विषय संपतो. पण ए विंगचे ‘नेहमीप्रमाणे’ आणि सी विंगचे ‘नेहमीप्रमाणे’ वेगवेगळे असते. पहिला वाद होतो तो यातूनच. ‘रडीचा डाव’ असा आरोप दोन्ही बाजूंनी होतो आणि गंमत म्हणजे दोघेही आपापल्या गल्लीच्या नियमाने बरोबर असतात.

एका पानाचे नियमपत्रक यातले बहुतेक वाद मिटवू शकते. मात्र ते व्यावसायिक स्पर्धेच्या नियमावलीतून उतरवून घेऊन चालत नाही. आपला बॉक्स, आपल्या हातातला वेळ आणि आपला खर्च समोर ठेवून ते लिहावे लागते.

आधी षटके ठरवायची की वेळ?

आधी वेळ. बहुतेक आयोजक ‘सहा षटकांचे सामने’ असे जाहीर करून मोकळे होतात आणि मग संध्याकाळी उपांत्य फेरी घाईघाईत दोन-दोन षटकांवर आणतात. हे टाळण्यासाठी साधा हिशेब पुरतो.

समजा चार इमारतींची एक सोसायटी आहे. प्रत्येक इमारतीचे दोन, असे आठ संघ. प्रत्येक संघात सात खेळाडू आणि दोन राखीव. टर्फ सकाळी ८ ते संध्याकाळी ६, म्हणजे १० तास, मिनिटांत ६००. चार-चार संघांचे दोन गट केले तर साखळीचे १२ सामने, दोन उपांत्य आणि एक अंतिम, असे एकूण १५ सामने होतात.

आता एका सामन्याचा वेळ पाहू. सहा षटकांचे ३६ चेंडू, त्यात वाइड आणि नो-बॉलचे चार धरले तर ४०. चेंडू टाकणे, तो परत येणे, गोलंदाजाने मागे जाणे, अधूनमधून क्षेत्ररक्षण बदलणे, असे सगळे धरून एका चेंडूला सरासरी ३५ सेकंद लागतात असे मानू. म्हणजे एका डावाला सुमारे २३ मिनिटे, दोन डावांना ४६. डाव बदलणे आणि नाणेफेक यांची सहा मिनिटे मिळवली की ५२. असे १५ सामने म्हणजे ७८० मिनिटे, पूर्ण १३ तास. टर्फ १० तासांचे आहे!

पाच षटके केली तर एक सामना ४४ मिनिटांचा होतो आणि दिवस ११ तासांचा. तरीही तासभर जास्तच. चार षटकांचा सामना ३८ मिनिटांत बसतो. अंतिम सामना सोडून १४ सामने चार षटकांचे आणि अंतिम सामना पाच षटकांचा ठेवला तर ५७६ मिनिटे होतात. अडीअडचणीसाठी २४ मिनिटे उरतात. चार षटके ऐकायला कमी वाटतात, पण प्रत्येक संघाला तीन सामने नक्की मिळतात. याउलट सहा षटकांचा हट्ट धरून थेट बाद फेरी खेळवली तर स्पर्धा सहा तासांतच संपते, पण आठपैकी चार संघ पूर्ण शुल्क भरून पाऊण तासात घरी जातात. सोसायटीच्या स्पर्धेत हा दुसरा पर्याय निवडू नये.

ज्यांना संध्याकाळनंतर प्रकाशझोतात खेळायचे आहे त्यांच्यासाठी एक मर्यादा कायद्याची आहे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. त्यामुळे समालोचनासह अंतिम सामना हवा असेल तर तो रात्री १० पूर्वी संपेल असेच वेळापत्रक लागते.

वेळ वाचवण्यासाठी अनेक ठिकाणी ‘वाइडची एक धाव, पण चेंडू पुन्हा नाही’ असा नियम असतो. साखळीत तो चालून जातो. त्यातली फट शेवटच्या षटकात दिसते. शेवटच्या चेंडूवर पाच धावा हव्या असतील तर गोलंदाज मुद्दाम वाइड टाकतो, एक धाव देतो आणि सामना जिंकतो. म्हणून नियमात एक वाक्य वाढवावे : डावाच्या शेवटच्या षटकात प्रत्येक वाइड आणि नो-बॉल पुन्हा टाकावा लागेल.

गोलंदाजी खालच्या हाताने की वरच्या, हेही लिहूनच ठेवावे. १ फेब्रुवारी १९८१ रोजी मेलबर्नला न्यूझीलंडला बरोबरीसाठी शेवटच्या चेंडूवर सहा धावा हव्या असताना ट्रेव्हर चॅपेलने भाऊ आणि कर्णधार ग्रेग चॅपेलच्या सांगण्यावरून चेंडू सरपटत सोडला होता. आता एमसीसीच्या नियम क्रमांक २१ प्रमाणे सामन्याआधी खास ठरले असेल तरच अंडरआर्म गोलंदाजी चालते, नाहीतर तो नो-बॉल. म्हणजे गल्लीतली अंडरआर्म स्पर्धाही नियमात बसते. फक्त ते ‘आधी ठरलेले’ असावे लागते.

बॉक्समध्ये सीमारेषा म्हणजे नेमके काय?

सगळ्यांत जास्त भांडणे इथे होतात. कारण बॉक्स क्रिकेटची मुख्य अडचणच इथे आहे. मोठ्या मैदानावर चेंडू सीमारेषेला लागला की तो मृत होतो. धावा मिळतात, विषय संपतो. बॉक्समध्ये मात्र चेंडू जाळीला लागून परत येतो, खेळाडू पळत असतात, क्षेत्ररक्षक तो उचलतो, कधी हवेतच पकडतो. जाळी ही सीमारेषा की मैदानाचा भाग, हा प्रश्न प्रत्येक चेंडूला उभा राहतो.

क्रिकेटच्या मूळ नियमांत याचे उत्तर शोधण्याची एक वाट आहे. मैदानात झाड किंवा खांब असेल तर तो सीमारेषेसारखा मानायचा का, हे पंचांनी नाणेफेकीपूर्वी ठरवायचे असते. इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या सेंट लॉरेन्स मैदानात सीमारेषेच्या आत लिंबाच्या जातीचे नव्हे, तर ‘लाइम’ म्हणून ओळखले जाणारे मोठे झाड होते. चेंडू त्याला लागला की चार धावा, असा तिथला नियम होता. ते झाड २००५ मध्ये वादळात पडले. झेलाच्या नियमातही हाच धागा आहे. मैदानातल्या अडथळ्याला लागून आलेला चेंडू झेलला तर फलंदाज बाद होतो, पण तो अडथळा आधीच सीमारेषा ठरवलेला असेल तर होत नाही.

यातून बॉक्ससाठी एक कसोटी मिळते. जी जाळी धावा देते ती सीमारेषेसारखी, तिला लागून आलेला झेल धरू नये. जी जाळी धावा देत नाही तो नुसता अडथळा, तिला लागून झेल घेता येईल. ही सक्ती मात्र नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये रुळलेल्या इनडोअर क्रिकेटमध्ये बाजूच्या जाळीवरून धावाही मिळतात आणि तिच्यावरून आलेला झेलही बाद धरला जातो. दोन्ही पद्धतींनी खेळ चालतो. फक्त एकाच सामन्यात दोन्ही चालत नाहीत.

आपल्या काल्पनिक सोसायटीच्या बॉक्सला चार बाजूंना आणि वर जाळी आहे असे धरू. त्यांच्या नियमपत्रकाचा हा भाग असा लिहिता येईल :

‘फलंदाजाने मारलेला चेंडू ज्या जाळीला सर्वांत आधी लागेल, त्याच जाळीच्या धावा मिळतील. गोलंदाजामागची जाळी थेट लागल्यास ६, टप्पा पडून लागल्यास ४, आणि चेंडू मृत. बाजूच्या जाळीला लागल्यास १ धाव. चेंडू खेळात राहील आणि पळून काढलेल्या धावा वेगळ्या मिळतील. यष्टिरक्षकामागच्या जाळीच्या धावा नाहीत, फक्त पळून काढलेल्या. छताच्या जाळीला लागल्यास चेंडू मृत, धाव नाही, चेंडू मोजला जाईल. धावा देणाऱ्या जाळीला लागलेला चेंडू झेलता येणार नाही, मात्र त्यावर फलंदाज धावबाद होऊ शकतो. क्षेत्ररक्षकाच्या फेकीमुळे चेंडू कोणत्याही जाळीला लागला तर जाळीच्या धावा मिळणार नाहीत. चेंडू खेळात राहील.’

यातले पहिले वाक्य सर्वांत महत्त्वाचे. ते नसेल तर बाजूच्या जाळीला घासून समोर गेलेल्या चेंडूला एक द्यायची, चार द्यायच्या की पाच, यावर दहा मिनिटे जातात. छताचा नियमही विचार करून ठेवलेला आहे. छताला लागलेला चेंडू ‘पुन्हा टाका’ असे ठेवले तर उंच उडालेला प्रत्येक चुकलेला फटका फलंदाजाला जीवदान देतो. तो चेंडू मोजला की वर मारण्याची किंमत द्यावी लागते.

हे पत्रक शेवटच्या चेंडूवर लावून पाहू. तीन धावा हव्या आहेत. फलंदाज चेंडू ओढून मारतो. तो हवेतूनच बाजूच्या जाळीवर आदळतो आणि उसळून क्षेत्ररक्षकाच्या हातात, जमिनीला न लागता. क्षेत्ररक्षक ‘आऊट’ म्हणून हात वर करतो, पण फलंदाज एक धाव पूर्ण करतात आणि दुसरीसाठी निघतात. गोंधळलेला क्षेत्ररक्षक गोलंदाजाच्या टोकाला फेकतो, यष्टी चुकते आणि चेंडू थेट मागच्या जाळीवर. तोवर दुसरी धावही पूर्ण.

नियम लिहिलेले नसतील तर इथे तीन निकाल संभवतात. गोलंदाजी करणारा संघ म्हणेल, झेल झाला, आम्ही जिंकलो. फलंदाजी करणारा म्हणेल, बाजूच्या जाळीची एक, फेकी समोरच्या जाळीला लागली त्याच्या चार, पळालेल्या दोन, आम्ही कधीच जिंकलो. मध्यस्थ म्हणेल, पुन्हा चेंडू टाका. वरच्या पत्रकाप्रमाणे उत्तर एकच निघते. बाजूच्या जाळीने एक धाव दिली, म्हणून झेल नाही. पळून दोन. फेकीच्या जाळीच्या शून्य. एकूण तीन, आणि पाठलाग करणारा संघ विजयी. पंच नवखा असला तरी कागद पाहून याच निकालावर येईल. नियमपत्रक तयार झाल्यावर दोन वेगळ्या माणसांना असे चार-पाच प्रसंग देऊन त्यांचे निकाल जुळतात का, हे आदल्या दिवशी पाहावे. जुळले नाहीत तर ते वाक्य पुन्हा लिहावे.

टर्फवर जाऊन पाहण्याच्या काही गोष्टी वेगळ्या आहेत : जाळीत कुठे चेंडू अडकतो, खांब आत आहेत का, प्रवेशाच्या दाराची फट किती. अडकलेला चेंडू मृत आणि त्या जाळीच्या धावा, एवढे लिहिले तरी पुरते.

बरोबरी झाली किंवा गुण सारखे झाले तर?

१४ जुलै २०१९ रोजी लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना बरोबरीत सुटला, सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि इंग्लंडने न्यूझीलंडपेक्षा जास्त चौकार-षटकार मारले म्हणून (२६ विरुद्ध १७) इंग्लंड जगज्जेता ठरला. तो नियम आधीपासून लिहिलेला होता, म्हणून निकाल टिकला. तो अनेकांना पटला नाही, म्हणून त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आयसीसीने तो बदलला. लिहिलेला नियम वाईट असू शकतो, पण तो स्पर्धेनंतर बदलता येतो. सामना सुरू असताना बनवलेला नियम कोणालाच मान्य होत नाही.

बॉक्समध्ये एका सुपर ओव्हरला तयारीसह दहा मिनिटे लागतात आणि हाती एकूण २४ मिनिटेच आहेत. त्यामुळे साखळीत बरोबरीला एकेक गुण, उपांत्य फेरीत ‘बोल आऊट’ आणि सुपर ओव्हर फक्त अंतिम सामन्यात, हे व्यवहार्य ठरते. रिकाम्या यष्टींवर चेंडू टाकण्याचा ‘बोल आऊट’ २००७ च्या टी-२० विश्वचषकात भारत-पाकिस्तान सामन्यात दिसला होता. दर्बानला भारताने तो ३-० असा जिंकला. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधून तो गेला, पण चार मिनिटांत निकाल देणारी याहून सोपी पद्धत गल्लीला सापडलेली नाही.

गुण सारखे झाले की निव्वळ धावगती काढली जाते आणि तिथे एक बारीक चूक नेहमी होते. समजा एका संघाने चार षटकांत ४८ धावा केल्या आणि प्रतिस्पर्धी दोन षटकांत २० धावांवर सर्वबाद झाला. दोनच षटके मोजली तर प्रतिस्पर्ध्याची धावगती १० दिसते आणि विजेत्याला १२ वजा १०, म्हणजे फक्त २ चा फायदा मिळतो. सर्वबाद झालेल्या संघाची पूर्ण षटके मोजायची असतात. मग प्रतिस्पर्ध्याची धावगती ५ आणि फायदा ७. इतका दणदणीत विजय मिळवूनही चुकीच्या भागाकाराने संघ बाहेर जाऊ शकतो. स्कोअरिंगचे मोबाइल अ‍ॅप हे करून देते, पण कागदावर गुणतक्ता ठेवणाऱ्याने हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

निर्णय कोणाचा अंतिम?

पंच बाहेरून आणणे परवडत नसेल तर खेळत नसलेल्या संघातून दोघे घेतले जातात. त्यात एक अडचण आहे. त्याच गटातल्या संघाला समोरच्या सामन्याच्या निकालात रस असतो. म्हणून ‘अ’ गटाच्या सामन्यांना ‘ब’ गटाचे पंच आणि उलट, एवढा बदल करावा. उपांत्य फेरीपासून मात्र स्पर्धेत नसलेलेच दोघे असावेत.

पंचाच्या नजरेचे निर्णय आणि नियमाचे निर्णय वेगळे ठेवले तर निम्मी वादावादी थांबते. बॅटची कड लागली की नाही, फलंदाज क्रीझमध्ये पोहोचला की नाही, ही नजर आहे. त्यावर दाद नाही. छताला लागलेल्या चेंडूला पंचाने चार धावा दिल्या, तर ती नियमाची चूक आहे. त्यावर कर्णधार दाद मागू शकतो. फक्त कर्णधार, आणि पुढचा चेंडू टाकण्याआधी. एमसीसीच्या नियमातही अपील पुढच्या चेंडूसाठी गोलंदाज धाव घेण्याआधीच करावे लागते. दाद तीन जणांच्या समितीकडे जाईल. ज्या इमारतीचा सामना सुरू आहे तिथला सदस्य त्या निर्णयात बसणार नाही. समितीने दोन मिनिटांत कागद पाहून उत्तर द्यायचे.

मोबाइलवरचे चित्रीकरण पुरावा म्हणून घेऊ नये. ते जाळीच्या बाहेरून, तिरक्या कोनातून आणि बहुतेक वेळा एकाच संघाच्या मित्राने केलेले असते. एकदा ते पाहिले की पुढच्या प्रत्येक चेंडूला दहा फोन पुढे येतात.

बाहेरचा खेळाडू आणण्याचा वाद वेगळाच. भाडेकरू चालतो का, मामेभाऊ सुट्टीला आला आहे तो चालतो का? नऊ नावे, सदनिका क्रमांकासह, पाच दिवस आधी द्यायची आणि सूचना फलकावर लावायची. त्यानंतर बदल नाही, आणि सामन्याच्या दिवशी हरकतही नाही.

शुल्क किती घ्यावे आणि परत कधी द्यावे?

‘मागच्या वर्षी अडीच हजार होते, याही वर्षी तेवढेच’ हा हिशेब नव्हे. या उदाहरणात टर्फचे तासाला १,००० रुपये धरले तर १०,००० होतात. चेंडू १,२००, दोन पंच-स्कोअरर मानधन देऊन आणले तर ३,०००, करंडक ३,५००, पाणी आणि प्रथमोपचार १,३००. एकूण १९,०००. आठ संघांत वाटले तर प्रत्येकी २,३७५. इथे बहुतेक खजिनदार २,५०० ठरवतात, कारण आकडा सुटसुटीत आहे. मग आदल्या रात्री एक संघ गळतो, १७,५०० जमतात आणि उरलेले दीड हजार कोणीतरी खिशातून घालतो.

शुल्क सात संघ धरून काढावे. १९,००० भागिले ७ म्हणजे सुमारे २,७१५. म्हणून २,८०० रुपये. सात संघ आले तरी १९,६०० जमतात आणि खर्च भागतो. आठही आले तर २२,४०० जमतात आणि ३,४०० उरतात. हे उरलेले कोणाचे, ते नियमपत्रकातच लिहावे. प्रत्येक संघाला ४२५ रुपये परत, हे सर्वांत स्वच्छ. ‘मंडळाच्या खात्यात जमा’ हेही चालते, पण ते आधी सांगितलेले असेल तरच.

जमलेल्या शुल्कातून रोख बक्षीस देण्याचा मोह टाळावा. २१ हजारांचे बक्षीस लावले की शुल्क दुप्पट होते, बाहेरचे तगडे खेळाडू आणले जातात आणि वर सांगितलेला प्रत्येक वाद पैशाचा होतो. करंडकावर कोणी एवढे भांडत नाही.

परताव्याच्या तारखा टर्फच्या आरक्षणाशी जुळवाव्यात. टर्फवाला सात दिवस आधीपर्यंत आगाऊ रक्कम परत देत असेल तर संघालाही तिथपर्यंत पूर्ण परतावा देता येतो. त्यानंतर निम्मा, आणि शेवटच्या तीन दिवसांत काही नाही. पावसाने दिवस वाया गेला तर टर्फवाला दुसरी तारीख देणार की पैसे परत, हे आरक्षण करतानाच विचारून पावतीवर लिहून घ्यावे, आणि तेच वाक्य संघांना द्यायच्या पत्रकात उतरवावे. सामना अर्धवट राहिला तर दोन्ही संघांची किमान दोन षटके झालेली असतील तेव्हा दोन षटकांनंतरच्या धावा तुलनेला घ्याव्यात, नाहीतर एकेक गुण. डकवर्थ-लुईसचा विचार इथे नको. टी-२० मध्येसुद्धा त्याने निकाल लावायला दोन्ही संघांची किमान पाच षटके व्हावी लागतात आणि इथे अख्खा डावच चार षटकांचा आहे.

शुल्क घेताना प्रत्येक कर्णधाराची या पत्रकाच्या प्रतीवर सही घ्यावी आणि दुसरी प्रत त्याला द्यावी. पैसे गुगल पेने आले तरी सही कागदावरच असावी, कारण सामन्याच्या दिवशी टर्फवर दाखवायला तीच लागते.